किराणा दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी योजना: नाव कोणते, घोषवाक्य कोणते?

प्रश्न: नाशिकच्या एका उपनगरात आमचे किराणा दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेले. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी बक्षीस योजना सुरू करायची आहे. शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट, अशी कल्पना आहे. ‘ऋणानुबंध’, ‘आपुलकी’ आणि ‘रॉयल रिवॉर्ड्स क्लब’ अशी तीन नावे काढली आहेत. यांतले कोणते घ्यावे आणि सोबत टॅगलाइन काय द्यावी?

उत्तर:

तिन्हींपैकी एकही घेऊ नये, असे माझे मत आहे. नावे वाईट आहेत म्हणून नव्हे, तर ती योजनेचा नियम पक्का होण्याआधी सुचलेली आहेत म्हणून. मी लहान दुकानांच्या पाट्या, हस्तपत्रके आणि योजनांची नावे लिहिण्याचे काम करते. दुकानदार बहुतेक वेळा नावापासून सुरुवात करतात, मी मात्र आधी एकच प्रश्न विचारते: गिऱ्हाइकाच्या हातात नेमके काय पडणार आहे आणि कधी? याचे उत्तर एका वाक्यात आले की नाव त्या वाक्यातच सापडते. ते उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर कितीही सुंदर नाव दिले तरी ते पाटीवरच राहते आणि गिऱ्हाईक गल्ल्याशी येऊन ‘ते तुमचे पॉइंटचे काय ते’ असेच म्हणत राहते.

म्हणून आपल्या तीन नावांबद्दल आधी थोडक्यात सांगते. ‘आपुलकी’ हे दुकानदाराच्या मनातले आहे, गिऱ्हाइकाच्या पिशवीतले नाही. शिवाय हा शब्द पतसंस्था, रुग्णालये, गृहसंकुले अशा सगळ्यांनी वापरून झाला आहे. ‘ऋणानुबंध’ लग्न जुळवणाऱ्या मंडळाला शोभतो. बिल करताना ‘तुमच्या ऋणानुबंधात चाळीस रुपये टाकले’ असे आपला मुलगा म्हणणार नाही आणि त्याने म्हटले तरी समोरच्याला पहिल्यांदा ऋणच ऐकू येईल. ‘रॉयल रिवॉर्ड्स क्लब’मधल्या ‘क्लब’ने वर्गणीची शंका येते आणि ‘पॉइंट’चे रुपये किती, हा हिशेब प्रत्येकाला वेगळा समजावून सांगावा लागतो. आपल्या नियमात एक पॉइंट म्हणजे एक रुपयाच असणार असेल, तर त्याला सरळ रुपयाच म्हणावे.

आता नियमाकडे येते. शंभराला एक रुपया, म्हणजे एक टक्का, हा दर किराण्याला झेपणारा आहे आणि बोलायलाही सोपा आहे. काही दुकानदार म्हणतात की साखर आणि गोडेतेल यांत नफा अगदी थोडा सुटतो, तेव्हा ते वगळून बाकीच्या मालावर दीड टक्का देऊ. हिशेब करून पाहा. एका घराचा महिन्याचा किराणा ४००० रुपयांचा आहे आणि त्यातले १२०० रुपये तेल-साखरेचे आहेत, असे धरू. उरलेल्या २८०० वर दीड टक्का म्हणजे ४२ रुपये होतात, आणि सगळ्या ४००० वर एक टक्का म्हणजे ४० रुपये. दुकानाच्या दृष्टीने फरक जवळजवळ शून्य आहे, पण पहिल्या नियमात पाटीवर फुली मारून खाली बारीक अक्षरांत ‘तेल व साखर वगळून’ असे लिहावे लागते, आणि दर बिलाला कोणता जिन्नस धरला, कोणता नाही, हे सांगत बसावे लागते. दुसरा नियम एका दमात सांगता येतो. जो नियम एका दमात सांगता येतो त्यालाच चांगले घोषवाक्य मिळते, म्हणून मी काहीही न वगळता एक टक्का ठेवावा असे सांगेन.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा एक टक्का कशावर मोजायचा. प्रत्येक बिलावर मोजला आणि शंभराच्या खालचे सोडून दिले, तर काय होते ते पाहा. रोज सकाळी दूध, पाव, कधी अर्धा पाव शेंगदाणे, कधी साबण असे साठ रुपयांचे सामान नेणाऱ्या आजी महिन्यातून पंचवीस दिवस येतात आणि महिन्याकाठी १५०० रुपयांची खरेदी करतात. प्रत्येक बिल शंभराच्या आत असल्यामुळे त्यांच्या नावावर एक पैसाही जमा होत नाही. योजना ज्यांच्यासाठी काढली, त्या सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या गिऱ्हाइकालाच ती काही देत नाही, आणि ही गोष्ट दोन-तीन महिन्यांत गल्लीभर होते. त्याऐवजी महिन्याची बेरीज करावी आणि त्यावर टक्का काढावा. मग त्याच आजींना महिन्याला १५ रुपये मिळतात. आपण बिलिंगचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर गिऱ्हाइकाच्या नावापुढे महिन्याची बेरीज सहज निघते. वापरत नसाल तर एका जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर रोजची रक्कम लिहून महिनाअखेरीस बेरीज करावी, तेही पुरेसे आहे.

उधारीवर नेणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी: जमा होते ती पैसे चुकते झाल्यावर, माल उचलल्यावर नव्हे. हे नंतर सांगितले तर कटुता येते, आधी सांगितले तर उलट बिल वेळेवर येण्याला थोडी मदतच होते.

आता ‘कधी’ हा भाग. दर महिन्याला ४० रुपये सूट दिली तर ती बिलात विरघळून जाते आणि पुढच्या महिन्यात कोणाला आठवतही नाही. वर्षभर साठवून सणाला सामानाच्या रूपात दिली तर ती लक्षात राहते, कारण महाराष्ट्रात किराण्याचा सर्वांत मोठा खर्च दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात येतो आणि त्याच वेळी घरातल्या माणसांना दुकान बदलण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. मोठ्या दुकानातल्या सवलतींच्या जाहिराती तेव्हाच लागतात. आपली जमा त्याच पंधरवड्यात हाती पडली, तर गिऱ्हाईक ती घ्यायला येतेच आणि उरलेली फराळाची यादीही इथेच भरते.

दुकानाला हे किती पडते? ४००० रुपयांच्या घराचे वर्षाला ४८,००० रुपये होतात आणि जमा होते ४८० रुपये. ती रोख न देता विक्रीच्या भावाने सामानात दिली आणि त्या सामानावर आपल्याला बारा-तेरा टक्के सुटत असतील, तर खरा खर्च ४२० रुपयांच्या आसपास येतो. आपला नफ्याचा आकडा वेगळा असेल, तो घालून हा हिशेब स्वतः करावा.

येथून नावाकडे जाता येते. वाक्य तयार झाले आहे: वर्षभराच्या किराण्यावर जमा होते आणि दिवाळीला फराळाच्या सामानात मिळते. यात दोन शब्द कामाचे आहेत, फराळ आणि जमा. मी ‘फराळजमा’ हे नाव सुचवते.

हेच का, हे शेजारच्या पर्यायांशी ताडून पाहिल्यावर कळते. ‘फराळ खाते’ हे कागदावर ठीक वाटते, पण मोठ्याने म्हटले की कोणीतरी फराळ खात आहे असे ऐकू येते आणि पोरेसोरे त्याची चेष्टा करतात. ‘फराळवही’ कानाला गोड आहे, परंतु आपल्याकडे किराणा दुकानात ‘वहीवर लिहा’ म्हणजे उधार मांडा असाच अर्थ होतो, त्यामुळे योजनेबद्दल पहिलाच समज उलटा होईल. ‘फराळ भिशी’ किंवा ‘दिवाळी फंड’ ही नावे मी जाणीवपूर्वक टाळते. भिशीत आणि फंडात लोक आधी पैसे भरतात. तसे नाव पाहून चार जण दरमहा पाचशे रुपये ठेवून घ्या म्हणून येतील, आणि भिडेखातर आपण ते घेतले तर गोष्ट बक्षीस योजनेची न राहता लोकांच्या ठेवीची होते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आहे. दुकानदाराने त्या वाटेच्या जवळपासही फिरकू नये, आणि नावातूनही तसे सुचवू नये. ‘जमा’ या शब्दाला ती अडचण नाही. जमा-नावेच्या हिशेबात तो गिऱ्हाइकाच्या बाजूचा शब्द आहे आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

नाव पारखण्याची माझी रीत अशी आहे की ते तीन वाक्यांत घालून मोठ्याने म्हणून पाहावे. पहिले वाक्य गल्ल्यावरचे: ‘वहिनी, या महिन्याचे चाळीस रुपये फराळजमेला लावले.’ दुसरे गिऱ्हाइकाचे: ‘माझी फराळजमा किती झाली हो?’ तिसरे दुकानाबाहेरचे, शेजारणीशी बोलतानाचे: ‘मी तिथूनच घेते, माझी फराळजमा आहे तिथे.’ तिन्ही वाक्ये न अडखळता म्हणता आली नाहीत तर नाव बदलावे. ‘ऋणानुबंध’ आणि ‘रॉयल रिवॉर्ड्स क्लब’ याच तीन वाक्यांत घालून पाहा, म्हणजे मी सुरुवातीला नकार का दिला ते कळेल.

या नावात एक उणीव आहे आणि ती घोषवाक्याने भरून काढायची आहे. आपण उपवासाच्या खाण्यालाही फराळच म्हणतो. नुसते ‘फराळजमा’ वाचून एखाद्याला एकादशीचा साबुदाणा आठवू शकतो. म्हणून घोषवाक्यात दिवाळी हा शब्द आलाच पाहिजे. तसेच त्यात भावना नको, वस्तू हवी. ‘नाते विश्वासाचे’ या जातीची ओळ कोणत्याही दुकानावर चिकटवता येते, म्हणून ती कोणाचीच नसते. मी ही ओळ सुचवते:

‘वर्षभर किराणा घ्या, दिवाळीला रवा-बेसन न्या.’

‘घ्या’ आणि ‘न्या’ यांचा यमक कानाला धरून राहतो, पण त्याहून जास्त विचार ‘रवा-बेसन’ या दोन जिनसांमागे आहे. ‘दिवाळीचा फराळ आमच्याकडून’ असे लिहिण्याचा मोह होतो. ती ओळ खरी ठरते का, ते पाहू. समजण्यापुरते भाव असे धरू: रवा ४५ रुपये किलो, मैदा ४५, साखर ४५, बेसन ११०, भाजके पोहे ९०, आणि डाळे १२०. ४८० रुपये जमा असलेल्या घराला एक किलो रवा, एक किलो बेसन, एक किलो मैदा, दोन किलो साखर, एक किलो भाजके पोहे आणि अर्धा किलो डाळे नेता येते. ही बेरीज ४४० होते आणि वर वेलदोड्याच्या पुडीला ४० रुपये उरतात. तूप आणि तेल मात्र यात कुठेच नाही. म्हणजे चांगली खरेदी करणाऱ्या घरालासुद्धा पूर्ण फराळ मिळत नाही. आता रोज साठ रुपयांचे सामान नेणाऱ्या आजींचे पाहा. त्यांचे वर्षाला १८,००० रुपये होतात आणि जमा १८० रुपये. त्यांत एक किलो रवा आणि एक किलो बेसन १५५ रुपयांना बसते आणि वर अर्धा किलो साखरही येते. फराळाचे वचन त्यांच्या बाबतीत पोकळ ठरले असते, रवा-बेसनाचे वचन खरे ठरते.

घोषवाक्य लिहिताना मी हाच निकष सर्वांत वर ठेवते: ते आपल्या सर्वांत लहान नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत खरे असावे. मोठे गिऱ्हाईक कबूल केल्यापेक्षा जास्त घेऊन जाते आणि खूश होते. लहान गिऱ्हाईक कबूल केले तेवढे घेऊन जाते आणि तेही खूश होते. ओळ मोठ्या गिऱ्हाइकाच्या आकड्यावर बेतली, तर उरलेले सगळे दिवाळीच्या तोंडावर नाराज होऊन परततात, आणि तेही दुकान भरलेले असताना.

ओळीत ‘मोफत’ किंवा ‘फुकट’ हे शब्द घालू नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, ज्या वस्तूची किंमत एकूण व्यवहारातून पूर्ण किंवा थोडी वसूल होते, ती मोफत असल्याचे भासवणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ‘फुकट’ म्हटले की लोक अट शोधू लागतात. आपली योजना सरळ आहे, तिला तो संशय कशाला चिकटवायचा? त्याऐवजी घोषवाक्याखाली नियमाची एक साधी ओळ द्यावी: ‘महिन्याच्या खरेदीवर शंभराला एक रुपया जमा. सामान दिवाळीआधी, जमेइतके.’ नाव, घोषवाक्य आणि ही ओळ एवढेच स्टिकरवर असावे. स्टिकर दाराच्या वर न लावता वजनकाट्याजवळ लावावा, कारण गिऱ्हाईक तिथे दोन मिनिटे उभे असते आणि डोळ्यांना दुसरे काम नसते.

हे सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आता सांगते. आपल्या भागात सगळी घरे दिवाळी करणारी नसतील तर ‘फराळजमा’ काही जणांना बाहेर ठेवते. तिथे ‘सणजमा’ हे नाव घ्यावे आणि ओळ ‘वर्षभर किराणा घ्या, सणाचे सामान जमेतून न्या’ अशी करावी. मग कोणी ती जमा दिवाळीला नेईल, कोणी ईदला शेवया, खारीक आणि चारोळीत घेईल, कोणी नाताळला. घोषवाक्य थोडे सपाट होते हे मान्य, पण ते सर्वांना लागू पडते. दुसरी परिस्थिती भाडेकरूंची. आसपास अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी कुटुंबे किंवा विद्यार्थी जास्त असतील तर वर्षाची योजना त्यांच्या कामाची नाही, त्यांच्यासाठी तीन-तीन महिन्यांनी जमा देणारी योजना आणि फराळाशिवायचे नाव लागेल. आपल्या गिऱ्हाइकांत स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबे जास्त आहेत असे मी धरून चालले आहे, कारण दुकान वडिलांपासूनचे आहे.

तारखांची एक खुबी लक्षात ठेवावी. ‘दिवाळी ते दिवाळी’ असा नियम लिहू नये. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. तिथींवर वर्ष मोजले तर एका वर्षी जमा जास्त दिवसांची होते, दुसऱ्या वर्षी कमी दिवसांची, आणि लोक तुलना करतातच. त्याऐवजी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर हे योजनेचे वर्ष धरावे. दिवाळी कधीही आली तरी हिशेब सप्टेंबरअखेर तयार असतो आणि सामान भरायला आपल्याला वेळ मिळतो.

वर्षाच्या मध्येच सुरुवात करणार असाल तर पहिल्या वर्षाचा हिशेब वेगळा करावा. समजा जानेवारीत सुरू केली, तर सप्टेंबरअखेरपर्यंत नऊच महिने मिळतात. आजींची खरेदी १३,५०० रुपयांची होते आणि जमा १३५ रुपये, म्हणजे १५५ रुपयांचे रवा-बेसन बसत नाही आणि घोषवाक्य पहिल्याच दिवाळीला खोटे पडते. यावर उपाय सोपा आहे. नाव नोंदवताना प्रत्येकाला २५ रुपये सुरुवातीची जमा द्यावी. १६० रुपये होतात आणि वचन पाळले जाते. हे २५ रुपये गिऱ्हाईक सप्टेंबरपर्यंत येत राहिले तरच सामानात बदलतील, असे सांगून ठेवावे.

छपाई करण्याआधी महिनाभर नाव तोंडीच चालवावे. बिलाच्या मागे पेनाने ‘फराळजमा ४०’ असे लिहून द्यावे आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी कोणता शब्द वापरते ते ऐकावे. लोक आपण होऊन ‘माझी जमा किती झाली’ असे विचारू लागले तर नाव रुजले असे समजावे आणि कार्डे छापायला द्यावीत. ‘तुमची ती स्कीम’ असेच म्हणत राहिले तर नावात नव्हे, सांगण्यात कमी पडले आहे का, हे आधी तपासावे. बरेचदा गल्ल्यावरचा नोकर नाव उच्चारतच नाही, नुसते ‘लावले बरं का’ म्हणतो, आणि मग गिऱ्हाइकाने तरी तो शब्द कुठून शिकावा?

शेवटची व्यवहाराची गोष्ट बेसनाच्या भावाची. हरभरा डाळ महागली की बेसन चढते. दरवर्षी जुलैमध्ये सर्वांत लहान नेहमीच्या गिऱ्हाइकाची वर्षाची जमा अंदाजाने काढावी आणि त्या दिवशीच्या रवा-बेसनाच्या किमतीशी ताडून पाहावी. वर धरलेल्या आकड्यांत १८० मधून रव्याचे ४५ वजा केले तर बेसनाला १३५ रुपये उरतात. भाव त्याच्या वर जाताना दिसला तर नव्या योजना-वर्षाच्या स्टिकरवर ‘रवा-साखर’ असे करावे, मात्र चालू वर्षी जे छापले आहे ते वाढलेल्या भावातही, किलोऐवजी पाऊण किलो न करता, पूर्ण द्यावे.